लेबलवर नसलेला आकडा

सलाईनच्या बाटलीवरचे लेबल दोन गोष्टी सांगू शकते. आत किती द्रव आहे ही एक, आणि कोणी पेनाने लिहून ठेवले असेल तर तो किती वेळात द्यायचा ही दुसरी. मिनिटाला किती थेंब पडायला हवेत, हे एवढ्यावरून निघत नाही. त्यासाठी तिसरा आकडा लागतो: एका मिलिलिटरमध्ये किती थेंब. हा आकडा बाटलीवर नसतो. तो बाटलीखालच्या नळीच्या, म्हणजे आयव्ही सेटच्या, वेष्टनावर छापलेला असतो, आणि सेट जोडून झाला की ते वेष्टन वॉर्डातल्या कचऱ्याच्या डब्यात जाते. बाटलीच्या फोटोवरून थेंब काढताना खरी अडचण गणिताची नसते. जो आकडा चित्रात नाही तो मनाने धरला जातो आणि तो धरला आहे याची आठवण राहत नाही, ही ती अडचण असते.

गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न रोजचा आहे. रुग्ण इथल्या सरकारी किंवा खासगी दवाखान्यात असतो आणि नात्यातली नर्स झालेली मुलगी परभणीला, नांदेडला किंवा पुण्याला. बाटलीचा फोटो मोबाइलवर जातो आणि खाली विचारणा येते, ‘लई हळू चाललंय, किती थेंब पायजेत?’ एएनएम किंवा जीएनएमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीही असाच फोटो एकमेकींना पाठवून गणित पडताळतात. इन्फ्युजन पंप असेल तिथे मिली प्रति तास एवढा आकडा भरला की काम होते. पंप नसलेल्या खाटेजवळ मात्र रोलर, ड्रिप चेंबर आणि मनगटावरचे घड्याळ एवढीच साधने असतात, आणि थेंब मोजण्याला पर्याय नसतो.

सूत्र चौथीच्या मुलालाही जमेल इतके सोपे आहे. एकूण मिलिलिटर गुणिले एका मिलीचे थेंब, भागिले एकूण मिनिटे. तरीही ते एका दमात न करता दोन पायऱ्यांत करणे चांगले. पहिल्या पायरीत फक्त तासाला किती मिली ते काढायचे. ५०० मिली चार तासांत द्यायचे असेल, तर तासाला १२५ मिली. हा आकडा रुग्णाचा आहे. सेट कोणत्याही कंपनीचा लावला तरी तो बदलत नाही, डॉक्टरला फोनवर सांगता येतो आणि उद्या पंप मिळाला तर त्यातही हाच भरला जातो. दुसऱ्या पायरीत तो आकडा त्या खाटेवरच्या सेटच्या भाषेत सांगायचा. एका मिलीचे २० थेंब पाडणारा सेट असेल तर १२५ ला ३ ने भागायचे, कारण ६० मिनिटांना २० ने भागले की ३ येतात. १५ थेंबांचा सेट असेल तर ४ ने. ६० थेंबांचा मायक्रो सेट असेल तर भागायचेच नाही. तासाला जितके मिली, मिनिटाला तितके थेंब. म्हणजे १२५ मिली तासाला हा एकच वेग पहिल्या सेटवर ४२ थेंब, दुसऱ्यावर ३१ आणि तिसऱ्यावर १२५ थेंब असा दिसतो. ‘मिनिटाला ४२ थेंब’ हे उत्तर सेटचा उल्लेख केल्याशिवाय अर्धेच राहते.

असे होते, कारण थेंब हे मोजमाप नाही. नळीच्या टोकाला लोंबणारा थेंब वाढत जातो, आणि त्याचे वजन पृष्ठताणाला पेलेनासे झाले की तो सुटतो. टोक जितके रुंद, तितका थेंब मोठा. थॉमस टेट यांनी १८६४ मध्ये मांडलेला हा नियम आजही प्रत्येक ड्रिप चेंबरमध्ये काम करतो. साध्या म्हणजे मॅक्रो सेटच्या चेंबरमध्ये वरून येणारे टोक प्लास्टिकचे आणि जाड असते. मायक्रो सेटमध्ये तिथे सुईसारखी बारीक धातूची नळी असते, म्हणून थेंब बारीक पडतात. हा फरक डोळ्यांना दिसतो आणि चांगल्या फोटोतही दिसतो. चेंबरमध्ये धातूची बारीक नळी दिसली तर मायक्रो, म्हणजे ६० थेंबांचा सेट, हे वेष्टन न वाचताही सांगता येते. पण २० आणि १५ थेंबांच्या सेटमधला फरक नजरेला कळत नाही. दोन्हींची टोके प्लास्टिकचीच, थेंब जवळपास सारखेच. तिथे वेष्टनच बघावे लागते. वेष्टन फेकले गेले असेल, तर ज्या बॉक्समधून सेट काढला त्याच बॉक्समधला दुसरा सेट बघावा. नर्सिंगच्या काही पुस्तकांत मॅक्रो सेट १५ थेंबांचा धरून उदाहरणे सोडवलेली असतात आणि बाजारातल्या पुष्कळ सेटांवर २० छापलेले असते. पुस्तकातला आकडा पाठ असणे आणि हातातल्या सेटचा आकडा माहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठांतर जितके पक्के, तितकी इथे चूक होण्याची शक्यता जास्त, कारण पाठ असलेला आकडा कोणी तपासत नाही.

वेष्टनावरचा आकडाही काटेकोर नसतो. सलाईनच्या सेटांसाठीच्या आयएसओ ८५३६-४ या आंतरराष्ट्रीय मानकात २० थेंबांची व्याख्या अशी आहे: सुमारे २३ अंश तापमानाचे डिस्टिल्ड वॉटर मिनिटाला ५० च्या आसपास थेंबांनी पडत असेल, तर त्याच्या २० थेंबांत १ मिली भरावे, आणि त्यात ०.१ मिलीपर्यंत कमीजास्त चालेल. म्हणजे निर्दोष सेटलाही दहा टक्क्यांची मोकळीक आहे. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि वॉर्डात सलाईनच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर नसते, मीठ किंवा साखर असते. थेंब फार भरभर सोडले तरीही त्यांचा आकार थोडा बदलतो. म्हणून १२५ ला ३ ने भागून आलेले ४१.६७ हे उत्तर तसेच लिहिण्यात काही अर्थ नाही. दशांश चिन्हापुढचे आकडे खोटी खात्री देतात. ४२ लिहावे, आणि ४० ते ४४ च्या दरम्यान पडत असतील तर रोलरला हात लावू नये. पूर्णांकात उत्तर द्या असे परीक्षेत सांगतात, त्यामागचे खरे कारण अर्धा थेंब पडत नाही एवढेच नसते. साधनच तितके बारीक मोजत नाही, हे त्याहून मोठे कारण आहे.

आता एक फोटो पूर्ण सोडवून बघता येईल. चित्रात प्लास्टिकची बाटली आहे. छापील लेबलवर कंपाउंड सोडियम लॅक्टेट, म्हणजे रोजच्या बोलण्यातले आरएल, आणि ५०० मिली असे आहे. शेजारी चिकटपट्टीवर पेनाने लिहिले आहे: चार तासांत, सुरू १०.३० वाजता. चेंबर फोटोत आलेला नाही. विचारणाऱ्याला थेंब हवे आहेत. इथे प्रामाणिक उत्तर असे: तासाला १२५ मिली, सेट २० चा असेल तर ४२ थेंब, १५ चा असेल तर ३१, मायक्रो असेल तर १२५. सेट कोणता ते सांगा, मग एक आकडा देता येईल. एवढे न विचारता एकच आकडा सांगितला तर काय होते, ते मोजून पाहण्यासारखे आहे. ४२ थेंब सांगितले आणि सेट १५ चा निघाला, तर तासाला १६८ मिली जातात आणि बाटली चार तासांऐवजी तीन तासांत संपते. उलट ३१ सांगितले आणि सेट २० चा निघाला, तर तासाला ९३ मिली जातात आणि बाटलीला पाच तास तेवीस मिनिटे लागतात. या दोन चुका धडधाकट माणसाच्या शरीराला बहुधा पेलतात. सर्वांत वाईट चूक तिसरी आहे. तासाला १२५ म्हणजे मिनिटाला १२५, हा मायक्रो सेटचा सोपा नियम डोक्यात घेऊन कोणी २० च्या सेटवर १२५ थेंब सोडले, तर तासाला ३७५ मिली जातात आणि चार तासांची बाटली एक तास वीस मिनिटांत रिकामी होते. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्या म्हाताऱ्या माणसाला इतक्या वेगाने धाप लागू शकते.

बाटलीत पोटॅशियम क्लोराइड घातलेले असेल तर हीच चूक धापेवर थांबत नाही. केसीएलच्या दहा मिलीच्या एका अँप्युलमध्ये साधारणपणे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते ५०० मिलीत मिसळून चार तासांत गेले तर तासाला ५ पडतात. एक तास वीस मिनिटांत गेले तर तासाला १५, आणि साध्या वॉर्डात, हृदयाच्या मॉनिटरशिवाय, तासाला १० ही सहसा मर्यादा धरतात. घातलेल्या औषधाची चिठ्ठी बहुतेक वेळा बाटलीच्या मागच्या अंगाला चिकटवलेली असते आणि फोटो पुढून काढलेला असतो. दोन बाजूंचे दोन फोटो मागितल्याशिवाय अशा बाटलीचे थेंब सांगू नयेत.

लेबलवरचा वेळ हा दिसायला सर्वांत सरळ आणि वाचायला सर्वांत फसवा आकडा आहे. कंपनी तो सहसा छापत नाही. छापलेल्या असतात त्या बनवल्याच्या आणि मुदत संपण्याच्या तारखा. वेळ वॉर्डातली माणसे लिहितात, घाईत लिहितात, आणि मराठीत तर एका प्रत्ययाने त्याचा अर्थ उलटतो. ‘आठ तासांत’ म्हणजे ही बाटली सावकाश आठ तास चालवायची. ‘आठ तासांनी’ म्हणजे दर आठ तासांनी एक बाटली द्यायची, आणि ती स्वतः किती वेळात जावी हे त्यात सांगितलेलेच नसते. मेट्रोनिडाझोलची १०० मिलीची बाटली याचे नेहमीचे उदाहरण आहे. जुलाब, पोटातले इन्फेक्शन किंवा ऑपरेशननंतर ती दर आठ तासांनी लावतात आणि साधारण अर्ध्या ते एका तासात संपवतात. फोटोतले ‘८ तास’ हे शब्द बघून कोणी १०० भागिले ८ केले, तर तासाला साडेबारा मिली आणि २० च्या सेटवर मिनिटाला चार थेंब येतात. इतक्या संथ धारेत रक्ताची गुठळी होऊन कॅन्युला बंद पडायची पाळी येते, आणि औषधाची एक बाटली पुढच्या बाटलीला जाऊन भिडते. एका तासात द्यायची असेल तर तेच उत्तर ३३ थेंब आहे. चार आणि तेहेतीस यांतला फरक भागाकाराच्या चुकीने आलेला नाही, एका प्रत्ययाने आला आहे. उत्तर दहापेक्षा कमी किंवा शंभरपेक्षा जास्त थेंब आले आणि सेट मॅक्रो असेल, तर गणित पुन्हा करण्याआधी वेळेचा अर्थ पुन्हा विचारावा. चूक असली तर ती बहुधा तिथेच सापडते.

द्रवाचे माप त्या मानाने सरळ असते, पण तिथेही लेबलवरचा आकडा आणि द्यायचा आकडा नेहमी एकच असतो असे नाही. दवाखान्यात ५०० मिलीच्या बाटलीला ‘एक पाईंट’ म्हणायची रीत आहे. ‘चोवीस तासांत तीन पाईंट’ असा आदेश असेल, तर हिशेब एका बाटलीचा नसून १५०० मिलीचा असतो: तासाला साडेबासष्ट मिली, २० च्या सेटवर २१ थेंब. फोटोत मात्र एकच बाटली असते, आणि ‘२४ तास’ हे शब्द तिच्यावरच लिहिलेले असतील तर ५०० भागिले २४ करण्याचा मोह होतो. तसे केले तर रुग्णाला तिसरा हिस्साच मिळतो. दुसरी गफलत छापील मजकुराची आहे. लेबलवर घटक लिहिताना ‘प्रत्येक १०० मिलीमध्ये’ असे ठळक छापलेले असते, आणि अंधुक फोटोत बाटलीचे माप म्हणून तोच १०० नजरेला येतो.

पण मापाच्या बाबतीत खरा धडा लहान मुलांच्या बाटलीत मिळतो. पावसाळ्याच्या तोंडाला गढूळ पाणी येते आणि जुलाब-उलट्यांनी सुकून गेलेली तान्ही मुले दवाखान्यात येऊ लागतात. अतिशय शुष्कता असलेल्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘योजना क’ वापरली जाते. वर्षाच्या आतल्या मुलाला किलोमागे ३० मिली आरएल पहिल्या एका तासात आणि त्यानंतर किलोमागे ७० मिली पुढच्या पाच तासांत. आठ किलोच्या मुलाला पहिल्या तासात २४० मिली, नंतरच्या पाच तासांत ५६० मिली, एकूण ८०० मिली. बाटलीवर छापलेल्या ५०० चा या हिशेबाशी काही संबंध नाही. पहिली बाटली दुसऱ्या टप्प्याच्या मध्येच संपते आणि दुसरी लावावी लागते. थेंबांत पाहिले तर २० च्या सेटवर पहिल्या तासात मिनिटाला ८० आणि नंतर तासाला ११२ मिलीच्या हिशेबाने ३७ थेंब. मूल लहान म्हणून सवयीने मायक्रो सेट लावला, तर पहिल्या तासाला मिनिटाला २४० थेंब पाडावे लागतील. सेकंदाला चार थेंब कोणाला मोजता येत नाहीत, आणि एवढा वेग गाठायलाही तो सेट कमी पडतो. जिथे जीव वेगावर अवलंबून आहे तिथे मोठ्या थेंबाचा सेट आणि घड्याळासोबत बाटलीवर वेळेनुसार पातळी दाखवणारी पट्टी, हाच उपाय आहे. जिथे दर तासाला थोडेच मिली द्यायचे, तिथे मात्र मायक्रो सेट, आणि शक्यतो बुरेट. बुरेटमध्ये एका वेळी ठरावीक मिली भरून वरची कळ बंद केली, की खालचा रोलर पूर्ण उघडा राहिला तरी मुलाला त्याहून जास्त जाऊ शकत नाही. अशा मुलाच्या बाटलीचा फोटो आला तर आधी वजन आणि टप्पा विचारावा. लेबलावरचा आकडा इथे उपयोगाचा नसतो.

थेंब ठरवून झाले म्हणजे वेग ठरला, असेही नाही. रोलरने दाबलेली प्लास्टिकची नळी हळूहळू आकार बदलते आणि अर्ध्या तासात तोच रोलर वेगळा वेग देऊ लागतो. रुग्णाने कोपर वाकवले की धार मंदावते, सरळ केले की वाढते. बाटली किती उंच टांगली आहे यावर दाब ठरतो; गंगाखेडहून परभणीला, सुमारे चाळीस किलोमीटर, अँब्युलन्समधून हलवताना वॉर्डातल्या स्टँडइतकी उंची मिळत नाही आणि स्टँडवर लावलेले ४२ थेंब गाडीत ३० वर येऊ शकतात. बाटली कडक प्लास्टिकची असेल तर आत हवा जायला वाट लागते. ती बंद असली की द्रव कमी होत जातो तसे आत निर्वात तयार होऊन थेंब थांबतात. मऊ पिशवी मात्र आपोआप आकसते, तिला ती वाट लागत नाही. ही सगळी कारणे फोटोत दिसत नाहीत. फोटो एका क्षणाचा असतो, वेग तासांचा.

मोजण्याच्या पद्धतीनेही चूक शिरते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय सर्वत्र आहे. त्यात सुरुवातीचा किंवा शेवटचा एक थेंब चुकला तर मिनिटाच्या हिशेबात चार थेंबांची चूक होते, म्हणजे ४२ मध्ये जवळपास दहा टक्के. सेट लावताना पूर्ण मिनिट मोजावे; नंतरच्या फेऱ्यांना पंधरा सेकंद चालतात. मोजताना घड्याळ चेंबरच्या शेजारी डोळ्यांच्या रेषेत धरावे, म्हणजे नजर इकडून तिकडे फिरवावी लागत नाही.

चुका पकडायचा भरवशाचा मार्ग थेंब पुन्हा मोजणे हा नाही. बाटलीतली पातळी बघणे हा तो मार्ग आहे, कारण ती सेटवर अवलंबून नसते. वरच्या उदाहरणात १०.३० ला बाटली सुरू झाली. ११.३० ला बाटलीत ३७५ मिली उरायला हवे, १२.३० ला २५०, दीड वाजता १२५. थेंब बरोबर ४२ पडत आहेत आणि ११.३० ला ३३२ मिलीच उरले आहेत, असे दिसले, तर तासात १६८ गेले म्हणजे सेट १५ चा आहे हे वेष्टनाशिवाय कळून चुकते. म्हणून बाटली लावतानाच तिच्यावर चिकटपट्टीची उभी पट्टी लावून दर तासाच्या पातळीशी वेळ लिहून ठेवायची जुनी पद्धत आजही सर्वांत चांगली आहे. पातळी वाचताना डोळा पाण्याच्या रेषेच्या समोर असावा. खालून किंवा वरून पाहिले की २० ते ३० मिलीचा फरक सहज दिसतो. फोटोला हेच लागू होते. खाटेवर बसून वर धरलेल्या मोबाइलने घेतलेल्या चित्रात पातळी खरी नसते. शिवाय काही बाटल्यांवरची पट्टी उरलेला द्रव दाखवते, काहींवर गेलेला. फोटोत २०० च्या रेषेवर पाणी दिसले तर २०० उरले की २०० गेले, हे पट्टीचा शून्य कुठल्या टोकाला आहे ते पाहून ठरवावे.

समजा १२.३० च्या फोटोत ३५० मिली उरलेले दिसले. २५० उरायला हवे होते. बाटली १०० मिलीने मागे पडली आहे. उरलेल्या दोन तासांत ३५० मिली संपवायचे म्हणजे तासाला १७५ आणि २० च्या सेटवर ५८ थेंब, हे गणित बरोबर आहे. पण ते करून रोलर सैल करणे बरोबर नाही. वेग आधीच्या सव्वापटीच्या आत वाढवायचा असला तर तो निर्णय पुष्कळ ठिकाणी वॉर्डातल्या सिस्टरवर सोडलेला असतो. ४२ वरून ५८ ही चाळीस टक्क्यांची वाढ आहे आणि ती डॉक्टरला विचारूनच व्हायला हवी. फोटो बघणाऱ्याने तिथे ‘५८’ असा आकडा पाठवणे म्हणजे दूर बसून औषधाचा आदेश बदलणे होय. त्याने एवढेच सांगावे की बाटली १०० मिलीने मागे आहे, हात वाकला आहे का आणि हवेची वाट उघडी आहे का ते सिस्टरला बघायला सांगा. नातेवाइकांनी स्वतः रोलर फिरवू नये, हे तर आहेच. पण त्यांनी रोलर फिरवावा असा आकडा त्यांच्या हाती देणे ही त्यांची चूक नसते, देणाऱ्याची असते.

तेव्हा फोटो पाठवायचाच असेल तर बाटलीची पुढची बाजू, मागची बाजू, ड्रिप चेंबर आणि सेटचे वेष्टन असे चार फोटो पाठवावेत आणि सोबत बाटली सुरू झाल्याची वेळ लिहावी. वॉर्डात सेट जोडणाऱ्या प्रत्येक सिस्टरने आणि विद्यार्थिनीने वेष्टनावरचा थेंबांच्या आकड्याचा तुकडा फाडून तेव्हाच बाटलीला चिकटपट्टीने लावावा. त्याला अर्धे मिनिट लागते.